मदत हवी आहे : ईसॉपचं मराठी माहितीपत्रक, कामगारांना समजेल असं

मेघना_नेरूळ
नमस्कार. मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत एचआरला आहे. शॉपफ्लोअरवरच्या ८० जणांना ईसॉप, म्हणजे कंपनीच्या शेअरचे ऑप्शन, दिलेत आणि साहेबांना सोमवारपर्यंत एका पानाचं मराठी पत्रक हवंय. यातल्या बहुतेकांनी आयुष्यात एकही शेअर घेतलेला नाही. मी लिहिलेलं असं :

"तुम्हाला १२०० ऑप्शन मिळाले आहेत. दरवर्षी ३०० व्हेस्ट होतील, म्हणजे तुमच्या नावावर होतील. चार वर्षांनी सगळे १२०० शेअर तुमचे. हे पीएफसारखंच आहे, नोकरी सोडलीत तरी जमलेलं तुमचंच राहतं."

मजकूर बरोबर आहे, फक्त भाषा सोपी करून द्या. घाई आहे.

कोपरीचा_गण्या
भाषा मस्त आहे. फक्त व्हेस्ट झाले की टॅक्स लागतो तेवढं टाका. माझ्या मेहुण्याला अमेरिकन कंपनीकडून मिळाले होते, व्हेस्ट झाल्या महिन्यात पगार निम्मा आला. घरात रामायण झालं होतं.

अबोली_सीएस
मेघना, भाषेचं नंतर बघू. कंपनी लिस्टेड आहे का? एक्सरसाइज प्राइस, म्हणजे शेअर घ्यायची ठरलेली किंमत, किती? आणि नोकरी सोडल्यावर किती दिवसांत एक्सरसाइज करायचं, म्हणजे पैसे भरून शेअर घ्यायचे? पत्रकात यातलं काहीच नाही.
गण्या, तुमच्या मेहुण्याला आरएसयू मिळाले असणार. त्यात व्हेस्ट होताच शेअर हातात येतात, म्हणून तेव्हाच टॅक्स. ऑप्शनचं तसं नसतं.

मेघना_नेरूळ
लिस्टेड नाही. प्राइस ४० रुपये. सोडल्यावर ९० दिवस असं इंग्रजी योजनेत आहे, पण ते ऑफिसच्या कामासाठी असेल असं वाटलं, म्हणून घेतलं नाही.

निवांत_काका
लिस्टेड नसेल तर अजिबात घेऊ नये. मी एका दलालाकडून असेच अनलिस्टेड शेअर घेतले, आज विकायला जातो तर गिऱ्हाईक नाही. त्यापेक्षा पोस्टात टाका.

मेघना_नेरूळ
काका, इथे कोणी विकत घेत नाहीये. कंपनीने दिलेत.

अबोली_सीएस
नाही मेघना, विकतच घ्यायचेत! काका वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देताहेत, पण नेमके मुद्द्यावर आलेत.

तुमच्या पत्रकातलं "नावावर होतील" हेच चुकलंय. व्हेस्ट झालं म्हणजे ४० रुपयांनी शेअर मागायचा हक्क पक्का झाला. पैसे भरून अर्ज दिला, शेअर डीमॅटला आले, की मग तुम्ही भागधारक. तोवर डिव्हिडंड नाही, मत नाही. पीएफमध्ये पैसे आधीच तुमचे असतात. इथे खिशातून घालावे लागतात, आणि नाही घातले तर हक्क जातो.

तुमचाच हिशेब घ्या. एक माणूस अडीच वर्षांनी सोडतो. वर्षाला ३०० म्हणजे ६०० व्हेस्ट. उरलेल्या सहा महिन्यांचं काही नाही (तिमाही व्हेस्टिंग असेल तर ७५० होतील, योजना बघा). बाकीचे राजीनाम्याबरोबर गेले. ६०० साठी ९० दिवसांत २४,००० भरायचे. शेअरची किंमत ठरवणाऱ्या मर्चंट बँकरने तो ३४० ला धरला असेल तर प्रत्येकी ३०० चा फरक, म्हणजे १,८०,००० रुपये पगारासारखं उत्पन्न. तेही त्याच वर्षात, एकही शेअर विकलेला नसताना. पगार किती आहेत?

मेघना_नेरूळ
ऑपरेटर महिना ३५,०००. शिफ्ट इनचार्ज वर्षाला साडेअकरा लाख. म्हणजे दोघांनाही टॅक्स?

अबोली_सीएस
इथेच गंमत आहे. २०२५-२६ ची नवीन करप्रणाली धरते. ऑपरेटरचे ४.२ लाख अधिक १.८ लाख, सहा लाख. बारा लाखांपर्यंतच्या रिबेटमुळे टॅक्स शून्य. त्याला फक्त २४,००० ची सोय करायची.

इनचार्जचे साडेअकरातून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन गेले की १०.७५ लाख, एरवी टॅक्स शून्यच. त्यात १.८० मिळवले की १२.५५. बारा लाखांची रेषा ५५,००० ने ओलांडली. मार्जिनल रिलीफ, म्हणजे ओलांडलेल्या रकमेपेक्षा जास्त टॅक्स न लावण्याची सवलत, धरूनही ५५,००० टॅक्स आणि वर सेस, एकूण ५७,२००. म्हणजे २४,००० चे शेअर घ्यायला ८१,२०० रोख, आणि विकायला बाजार नाही. राजीनामा दिल्यावर पगार नसतो, त्यामुळे टीडीएसची रक्कम कंपनी त्याच्याकडूनच मागते.

९० दिवसांत ३१ मार्च येत असेल आणि योजनेत तुकड्यांनी घेता येत असेल, तर ४०० मार्चमध्ये घ्यावेत. उत्पन्न ११.९५ लाखांवर थांबतं, टॅक्स नाही. २०० एप्रिलमध्ये. पुढच्या वर्षी त्याचं काय होईल ते नव्या पगारावर.

कोपरीचा_गण्या
पण स्टार्टअपला टॅक्स काही वर्षं पुढे ढकलता येतो ना? बातमी वाचलीय.

अबोली_सीएस
येतो, पण स्टार्टअप म्हणून नुसती डीपीआयआयटी या सरकारी विभागाकडची नोंदणी पुरत नाही, आंतरमंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. शिवाय नोकरी सोडली की ती सवलत तिथेच संपते. नेमका आपला माणूस सोडतोय.

खारीगाव_एक्सप्रेस
कामगारांना एवढे आकडे दाखवलेत तर कागदाची पुडी करतील. सिडकोची लॉटरी सांगा, आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळते. वाटपपत्र आलं म्हणजे घर आलं नाही. ठरल्या तारखेला हप्ता भरला नाही की वाटप रद्द.

निवांत_काका
सिडकोचं घर पुढेमागे विकता तरी येतं. आणि ऐरोलीहून रबाळ्याला रिक्षाने जायला मला परवा पाऊण तास लागला, तिथे शेअर कसले देताय, बस द्या.

खारीगाव_एक्सप्रेस
काका, रस्त्याचा धागा वेगळा आहे.

अबोली_सीएस
सिडकोचं उदाहरण मुदतीसाठी चांगलं आहे. पण विकण्याबद्दल काका बरोबर आहेत, खाली एक ओळ टाकाच. नाहीतर लोक म्हणतील, एचआरने घर सांगितलं होतं.

मेघना_नेरूळ
रात्री बसून नव्याने लिहिलं :

"तुम्हाला ४० रुपयांनी १२०० शेअर घेण्याचा हक्क मिळाला आहे, शेअर अजून मिळालेले नाहीत. दरवर्षी ३०० शेअरचा हक्क पक्का होतो. सिडकोच्या वाटपपत्रासारखं समजा. पत्र हातात आलं तरी पैसे भरल्याशिवाय घर नाही. नोकरी सोडलीत तर पक्का झालेला हक्क ९० दिवसांत वापरायचा, नाहीतर तो संपतो. पक्का न झालेला त्याच दिवशी संपतो. उदाहरण : अडीच वर्षांनी सोडणाऱ्याला ६०० शेअरसाठी २४,००० रुपये भरावे लागतील. पगार जास्त असेल तर वर टॅक्स लागू शकतो, अर्ज देण्याआधी एचआरकडून आकडा लिहून घ्या. हे शेअर आज बाजारात विकता येत नाहीत."

साहेबांना शेवटची ओळ नकोय. म्हणतात, उत्साह जाईल.

अबोली_सीएस
ओळ काढू नका. उद्या एखाद्याने कर्ज काढून पैसे भरले तर कंपनीचं हेच पत्रक घेऊन तो तुमच्या टेबलासमोर उभा राहील. साहेबांना विचारा, कंपनी बायबॅक करणार आहे का, म्हणजे हे शेअर परत विकत घेणार आहे का? असेल तर तसं लिहा, मग ओळ आपोआप बदलेल. आणि "९० दिवस" कधीपासून? राजीनाम्यापासून की शेवटच्या कामाच्या दिवसापासून? दोन महिन्यांचा नोटीस पिरियड असेल तर तिथेच साठ दिवस जातात.

खारीगाव_एक्सप्रेस
माणूस नोकरीत असताना गेला तर?

अबोली_सीएस
तर व्हेस्ट न झालेलेसुद्धा सगळे त्याच दिवशी वारसांचे होतात, कंपनी कायद्याच्या नियमातच आहे. हे घाला पत्रकात, मेघना, आणि नॉमिनीचा फॉर्म मागे जोडा.

मेघना_नेरूळ
घालते. ९० दिवसांचं योजनेत "फ्रॉम सेपरेशन" एवढंच आहे, पुढे काही खुलासा नाही. साहेब म्हणाले वकिलाला विचारतो, बायबॅकवर काहीच बोलले नाहीत. उद्या शुक्रवार आहे.

निवांत_काका
बसचं पण विचारा.