प्रतिसाद: शिक्क्याची चिठ्ठी आणि पाच वर्षांची फेरी

> इराणचे हखामनी आणि आपले मौर्य, दोघांकडे रस्ते, नाणी, अधिकारी होते. मग कारभारात फरक कुठे?

माझ्या मते हिशेबात. हखामनी सम्राट दारयवहुशच्या काळात सरकारी प्रवासी राजाची किंवा क्षत्रपाची, म्हणजे प्रांताच्या सुभेदाराची, शिक्क्याची चिठ्ठी घेऊन निघे. ती दाखवली की ठाण्यावर पीठ मिळे, साधारण दीड लिटर माणशी. कोठारवाला ओल्या मातीच्या पाटीवर नोंद करी, शिक्के उठत आणि पाटी राजधानी पर्सेपोलिसला जाई. सिंधकडून सुसा या दुसऱ्या राजधानीला गेलेल्या मंडळींच्याही अशा पाट्या सापडल्यात! गंमत म्हणजे सोन्याची दारिक नाणी पाडणाऱ्या या साम्राज्यात पगार बहुतेक धान्य-दारूतच. नाणी फिरत ती मुख्यतः पश्चिमेकडे.

मौर्यांची चांदीची, ठसे मारून पाडलेली आहत नाणी मात्र दूरवर सापडतात. पण त्यांवर राजाचं नाव नाही, नुसती चिन्हं. रोजच्या नोंदी टिकल्या नाहीत, म्हणून अशोकाच्या लेखांवरच भिस्त. ओडिशातल्या धौलीच्या लेखात तो तोसली शहराच्या नगर-अधिकाऱ्यांना बजावतो, विनाकारण कोणाला डांबू नका. तपासायला दर पाच वर्षांनी सौम्य स्वभावाचा अधिकारी पाठवीन. उज्जैनचा कारभार पाहणारा राजकुमार असा अधिकारी तीन वर्षांच्या आतच पाठवील. म्हणजे इराणात पीठ मोजलं जाई, इथे अधिकाऱ्याची वागणूक.