मदत हवी आहे: टीम लीडच्या मुलाखतीत नेतृत्वगुण तपासणारे प्रश्न

घाईत_गोंधळ:
सोमवारपासून टीम लीडच्या मुलाखती आहेत. पाच जण निवडलेत, पाचही जण पहिल्यांदाच लीड होणार. मागच्या फेरीत 'टीम कशी सांभाळलीत?' असं विचारलं, तर एकजात सगळे म्हणाले, 'संधी मिळाली नाही, पण मिळाली तर नक्की सांभाळेन.' याच्यावर गुण काय देणार, कपाळ? दहा-बारा चांगले प्रश्न द्या. नेटवरच्या याद्या नकोत, त्या उमेदवारांनीही वाचलेल्या असतात.

मृण्मयी_त:
कसली टीम? किती माणसं? मुलाखत किती वेळाची? समोर कोण बसणार? पाचांपैकी कुणी तुमच्याच टीममधला आहे का? हे कळल्याशिवाय कोणीही प्रश्न दिले तरी ते नेटवरच्या यादीसारखेच असतील.

सातारकर_अण्णा:
काळजी करू नका. स्टार पद्धतीने उत्तर द्या. आधी परिस्थिती, मग जबाबदारी, मग काय केलं आणि शेवटी निकाल. दोन मिनिटांत बसवा, आरशासमोर सराव करा. शुभेच्छा!

घाईत_गोंधळ:
अण्णा, मी मुलाखत घेणार आहे हो, देणार नाही.
@मृण्मयी, ॲप्लिकेशन सपोर्ट, आठ जण, दोन शिफ्ट. ४५ मिनिटं. मी आणि ऑपरेशन्सचे मॅनेजर. हो, दोघे आमच्याच टीममधले आहेत. याने काय फरक पडतो?

मृण्मयी_त:
बराच पडतो, शेवटी सांगते.

आधी दहा-बारा प्रश्नांचा नाद सोडा. खोदून विचारायचं तर एका प्रश्नाला दहा-बारा मिनिटं जातात. ४५ मिनिटांत तीनच बसतात. बारा विचारलेत तर बारा पाठ केलेली उत्तरं मिळतील.

आणि प्रश्न 'नेतृत्व' या शब्दापासून सुरू करू नका. तुमच्या टीममध्ये गेल्या सहा महिन्यांत लीड कमी पडला किंवा लीडमुळेच निभावलं, असे सहा-सात प्रसंग कागदावर लिहा. त्यांतले जे परत परत घडतात त्यांवर प्रश्न करा. पद नसतानाही माणूस तसाच प्रसंग हाताळत असतो, फक्त त्याला कोणी नेतृत्व म्हणत नाही. असा एक तरी प्रसंग इथे लिहा, त्यावर प्रश्न बनवून दाखवते.

घाईत_गोंधळ:
एक तर रोजचाच. रात्रीची शिफ्ट हँडओव्हर अर्धवट लिहिते. सकाळचा माणूस तेच तिकीट पहिल्यापासून तपासतो, ग्राहकाला तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतो आणि ग्राहक भडकतो. सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही.

मृण्मयी_त:
छान. म्हणजे तपासायचं काय, तर बरोबरीच्या माणसाला त्याची चूक तोंडावर सांगता येते का. प्रश्न असा:

'गेल्या वर्षभरात बरोबरीच्या सहकाऱ्याच्या कामामुळे तुमचं काम अडलं असेल, असा एक प्रसंग सांगा. तुम्ही काय केलंत?'

'त्याच्याशी बोललात का?' असं विचारू नका, त्यातच उत्तर सांगून टाकता. बोलला की नाही, हेच तर बघायचंय. प्रसंग आल्यावर खोदा: पहिलं वाक्य काय बोललात? कुठे, कोणासमोर? तो काय म्हणाला? पुढच्या पंधरा दिवसांत काय बदललं? 'आम्ही ठरवलं' असं आलं, की लगेच 'त्यात तुम्ही स्वतः काय केलंत?' रचलेली गोष्ट बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला पातळ होते, समोरच्या माणसाचं म्हणणंच सांगता येत नाही.

गुणांची पट्टी मुलाखतीआधी लिहून ठेवा. १ म्हणजे चूक गुपचूप स्वतः दुरुस्त करत राहिला किंवा सरळ मॅनेजरकडे गेला. ३ म्हणजे बोलला, पण मोघम, आणि नंतर पाहिलंच नाही. ५ म्हणजे एकट्याला गाठून नेमकं तिकीट दाखवलं, अडचण ऐकली, काय करायचं ते ठरवलं आणि काही दिवसांनी परत तपासलं.

खडूस_पेठकर:
मॅनेजरकडे गेला म्हणून १? ग्राहकाचा डेटा चुकीच्या माणसाला गेला असेल, तर ताबडतोब वर कळवणं हेच लीडचं काम. तिथे एकट्याला गाठून समजावत बसला तर त्याला मी शून्य देईन.

मृण्मयी_त:
मान्य. पट्टीत तेवढी दुरुस्ती करा: विषय वर नेण्याजोगा होता का, ते आधी बघायचं.

खडूस_पेठकर:
आणि मुळात नवख्याला भूतकाळ विचारताच कशाला? 'समजा, तुमच्या शिफ्टमधला माणूस हँडओव्हर लिहीतच नाही, काय कराल?' असं विचारा. सगळ्यांना एकच प्रसंग, तुलना सोपी. रचनाबद्ध मुलाखत चालते, हे श्मिट आणि हंटर या संशोधकांनी १९९८ मध्येच दाखवलंय.

शून्य_प्रहर:
दाखवलंय, पण ते रचनेबद्दल. म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न, तीच पट्टी. निवडीच्या कोणत्या पद्धतीवरून पुढचं काम किती ओळखता येतं, याचे त्यांचे आकडे सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये पुन्हा तपासले, बरेचसे खाली आले, तरी रचनाबद्ध मुलाखत सगळ्यात वर राहिली. त्याने 'समजा' विरुद्ध 'काय केलंत' हा वाद सुटत नाही.

'समजा'ची गोम अशी, की हुशार माणूस तुम्हाला काय ऐकायचंय ते ओळखतो. 'त्याच्याशी बोलेन, समजून घेईन' सगळेच म्हणतात. वापरायचाच असेल तर पेच टाका: तो माणूस टीममधला सगळ्यात हुशार आहे, तुमचा मित्र आहे आणि महिनाअखेरीची गर्दी आहे. आता दोन्हीकडे किंमत मोजावी लागते.

खडूस_पेठकर:
तेच म्हणतोय. पेच टाकला की 'समजा'च सरस.

चाकणची_लाइन:
आमच्याकडे लाइन लीडर ऑपरेटरमधूनच घेतात. त्यांना असं बोलता येत नाही, पण काम चोख. त्यांना हे प्रश्न चालतील का? शिवाय नवीन लीडला सुरुवातीला भत्ता किती द्यावा?

शून्य_प्रहर:
भत्त्यासाठी वेगळा धागा काढा. बोलण्याचा मुद्दा मात्र सगळ्यांनाच लागू आहे. मराठीत, हिंदीत, मिसळून, कसंही उत्तर देऊ द्या. नाहीतर फर्ड्या इंग्रजीला नेतृत्वाचे गुण पडतात आणि पॅनेलला पत्ताही लागत नाही. क्लायंट कॉलसाठी इंग्रजी हवं असेल तर ते वेगळं तपासा, वेगळे गुण द्या. प्रश्न छापून हातात द्या आणि अर्धा मिनिट गप्प बसा. हे गप्प बसणंच पॅनेलला सगळ्यात जड जातं.

दुसरा प्रश्न काम सोपवण्यावर घ्या: 'तुम्हाला जास्त चांगलं येणारं काम दुसऱ्याला शिकवून सोपवलंत, असा प्रसंग.' इथे उत्तम इंजिनिअर घसरतात. 'शेवटी मीच रात्री बसून पूर्ण केलं' हे ते अभिमानाने सांगतात आणि पॅनेल खूश होतं. सपोर्टमध्ये त्याचा अर्थ असा, की आठ जणांचं काम एकाच्या डेस्कवर येऊन तुंबणार. विचारा: मध्ये किती वेळा तपासलंत? तुमच्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने केलेलं काय तसंच राहू दिलंत?

मृण्मयी_त:
तिसरा, न पटलेला वरचा निर्णय टीमला कसा सांगितला, यावर करा. तो तुम्हीच लिहा, आता जमेल.

घरच्या दोघांबद्दल: त्यांनी सांगितलेल्या प्रसंगाची दुसरी बाजू तुम्हाला माहीत असते. बाहेरच्या तिघांची नसते. म्हणून दुसऱ्या टीमचा एक माणूस पॅनेलवर घ्या, प्रत्येकाने आपले गुण चर्चेआधी लिहून टाकायचे. आधी मॅनेजर बोलले की बाकीच्यांचे आकडे तिकडेच सरकतात.

खडूस_पेठकर:
म्हणजे सहा महिने डोळ्यांनी पाहिलेलं विसरायचं? हे काही पटत नाही.

मृण्मयी_त:
विसरू नका, पण मुलाखतीच्या गुणांत मिसळू नका. कामाची नोंद असेल तर ती वेगळ्या रकान्यात.

घाईत_गोंधळ:
आत्ताच्या एका लीडवर हँडओव्हरचा प्रश्न वापरून पाहिला. प्रसंग लगेच सांगितला, पण 'पहिलं वाक्य काय बोललात?' म्हटल्यावर अडखळला. शेवटी कबूल केलं, की फक्त ग्रुपवर मेसेज टाकला होता, नाव न घेता. मी ३ दिले, मॅनेजरांनी ४. पट्टीत २ आणि ४ ला काही लिहिलंच नव्हतं, ते आज बसून लिहितोय. ग्रुपवरचा मेसेज 'बोलला' धरायचा का?

खडूस_पेठकर:
नाही. २.

शून्य_प्रहर:
दोन शिफ्ट एकमेकांना भेटतच नसतील तर? मग नाव न घेता ग्रुपवर टाकलं की त्यालाच वेगळा मेसेज केला, ते बघा.

सातारकर_अण्णा:
झाली का मुलाखत? नोटीस पिरियड विचारला असेल तर खरा सांगा.