मदत हवी आहे : २० शाळांतली ४०० मुलं की ४० शाळांतली?

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या आठवीच्या मुलांच्या झोपेचा सर्वे करायचाय. हा माझा पहिलाच सर्वे.

आधी वाटलं, सगळ्या मुलांची एक यादी करावी आणि चिठ्ठ्या टाकून ४०० निवडावीत. पण अशी एकत्र यादी मला मिळत नाहीये, आणि मिळाली तरी ही मुलं शेकडो शाळांत विखुरलेली असणार. म्हणून आधी शाळा चिठ्ठीने निवडायच्या, मग त्या शाळेच्या हजेरीपटावरून मुलं, म्हणजे क्लस्टर पद्धत.

अडचण इथे येते. एकाच शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. सकाळच्या शाळेतली सगळीच लवकर उठतात, त्यामुळे तिथला विसावा मुलगा नवं फारसं काही सांगत नाही. हे साम्य ० ते १ च्या मापावर ०.१ धरलं, तर २० शाळांतून प्रत्येकी २० मुलांसाठी भाजक येतो १ + (२० − १) × ०.१ = २.९. ४०० भागिले २.९, म्हणजे माझी ४०० मुलं चिठ्ठीने थेट निवडलेल्या जेमतेम १३८ मुलांइतकीच माहिती देतील! ४० शाळांतून १०-१० घेतली तर भाजक १.९ होतो आणि आकडा २१० वर जातो.

पण महालापासून हिंगणा रोडपर्यंत ४० शाळा, प्रत्येक मुख्याध्यापकांची परवानगी, आणि आम्ही दोघंच.

शाळांचे सर्वे केलेल्यांनी कृपया सांगा : झोपेसाठी ०.१ हा अंदाज बरोबर आहे का? आणि सकाळ-दुपारच्या शाळा आधीच वेगळ्या करून त्यांतून निवडल्या, तर कमी शाळांत भागेल का?