आत्याची निराधार पेन्शन न सांगता बंद, रेशनही थांबलं. 'हक्क नाही, अनुदान आहे' म्हणतात. मदत हवी आहे

पूर्वभाग_सोलापूर
नमस्कार. आम्ही सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहतो. आत्या विधवा आहे, वय 61. तीस वर्षं विड्या वळल्या, आता बोटं चालत नाहीत. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1500 यायचे, ते चार महिने बंद आहेत. पत्र नाही, फोन नाही. पासबुक भरायला गेली तेव्हा कळलं. तहसीलच्या खिडकीवर सांगितलं, "हे अनुदान आहे, हक्क नाही. नवीन अर्ज करा." याच महिन्यात रेशन दुकानदारही म्हणाला, तुमचं धान्य आलेलं नाही. न विचारता असं बंद करता येतं का? कोणता कायदा दाखवू? सोमवारी रजा टाकून जाणार आहे, लवकर सांगा.

जुळे_सोलापूर_72
लाडकी बहीणचे पैसे पण आमच्याकडे एका महिन्याचे उशिरा आले होते. वाट बघा, येतील.

पूर्वभाग_सोलापूर
लाडकी बहीण नाही हो, निराधार योजना. आणि चार महिने झालेत.

अक्कलकोट_रोड
आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते आधी बघा. पैसे आता आधारशी शेवटच्या जोडलेल्या खात्यात जातात. माझ्या आईचे सहा महिने एका विसरलेल्या खात्यात पडून होते, आम्ही उगाच तहसीलदारांवर चिडलो.

पूर्वभाग_सोलापूर
बघितलं, एकच खातं आहे. आणि खिडकीवर संगणकात बघून "उत्पन्न जास्त दिसतंय" म्हणाले. आत्याला कसलं उत्पन्न?

निवृत्त_अव्वल_कारकून
बाळा, हे पहिल्यांदाच सांगायचं होतं. मी या शाखेत होते. पैसे अडकणं वेगळं आणि लाभ बंद करणं वेगळं. तुमचं दुसरं दिसतंय. आता दोनच गोष्टी सांग. आत्याचं नाव कोणाच्या रेशनकार्डावर आहे? आणि त्या कार्डावर कमावतं कोण आहे?

पूर्वभाग_सोलापूर
आमच्याच कार्डावर. काका गेल्यावर वडिलांनी तिचं नाव चढवलं. मी एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात लागलोय, दोन वर्षं झाली, 18,000 मिळतात. पण ती मागच्या खोलीत वेगळी राहते, चूल वेगळी. याचा काय संबंध?

निवृत्त_अव्वल_कारकून
सगळा संबंध तिथेच आहे. निराधार योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 आहे. रेशनच्या प्राधान्य यादीत शहरासाठी 59,000. तुझा पगार वर्षाला 2,16,000 होतो. कार्डावरचे सगळे एक कुटुंब धरले की दोन्ही मर्यादा ओलांडल्या. बहुधा एकाच नोंदीमुळे पेन्शनही गेली आणि धान्यही. पण आत्याची चूल वेगळी आहे हे कार्डावर कुठे लिहिलेलं नसतं. ते तिला विचारल्याशिवाय कळणारच नाही, आणि तिला कोणी विचारलेलं नाही. तुझी खरी तक्रार ही आहे.

सातरस्ता
सरळ हायकोर्टात जा. सुप्रीम कोर्टाने 1982 च्या नाकरा निकालात सांगून टाकलंय की पेन्शन ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. तो निकाल तोंडावर टाका त्यांच्या.

वकिली_वही
सातरस्ता, निकाल बरोबर आहे, पण तो सरकारी नोकरीतल्या पेन्शनचा आहे. ती केलेल्या सेवेची कमाई धरली जाते. निराधारचे पैसे सेवेपोटी मिळत नाहीत, त्यामुळे खिडकीवर नाकरा दाखवलात तर पहिल्याच मिनिटाला अडकाल.

मात्र "अनुदान आहे म्हणून कसंही बंद करू" हेही खरं नाही. एकदा पात्र ठरवून मंजुरी दिली, माणूस त्यावर जगायला लागला, की ते काढून घेताना नोटीस, कारण आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. योजना सरकारने स्वतःहून आणली असली तरी राबवताना मनमानी चालत नाही. दुसरं, 1977 च्या मोहिंदरसिंग गिल निकालाप्रमाणे आदेश त्यात लिहिलेल्या कारणावरच टिकतो. नंतर नवी कारणं जोडता येत नाहीत. म्हणून सोमवारी भांडू नका, बंद केल्याच्या आदेशाची प्रत लेखी मागा. खिडकीवर कोणी तोंडी काही म्हटलं तर तो आदेश होत नाही.

करदाता_सोलापूर
एक स्पष्ट विचारतो. ज्या घरात महिना 18,000 येतात त्या घराला निराधार का म्हणायचं? खोटे लाभार्थी आमच्या गल्लीतही आहेत. प्रत्येकाला आधी नोटीस आणि सुनावणी देत बसलात तर तोवर पैसे जातच राहणार. आधी बंद करा, ज्याची तक्रार असेल तो येईल.

वकिली_वही
तुमचा मुद्दा टाकाऊ नाही, याच प्रश्नावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दोन वेगळे निकाल दिलेत. 1970 मध्ये गोल्डबर्ग विरुद्ध केली खटल्यात न्यूयॉर्कच्या गरिबांची मदत तोडली होती. कोर्ट म्हणालं, सुनावणी आधी हवी, कारण पात्र माणसाची मदत चुकून तुटली तर निकालाची वाट बघेपर्यंत त्याने खायचं काय? लेखी म्हणणं पुरत नाही, समोर बोलू द्या, हेही त्यात आहे. 1976 मध्ये मॅथ्यूज विरुद्ध एल्ड्रिज खटल्यात अपंगत्वाच्या भत्त्यापुरतं मात्र सांगितलं की सुनावणी नंतर घेतली तरी चालेल. तो निर्णय डॉक्टरांच्या कागदांवर होतो, शिवाय तो भत्ता गरिबी बघून दिलेला नसतो.

ते निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत. पण कसोटी कामाची आहे: चूक होण्याची शक्यता किती, आणि चुकीची किंमत कोण मोजतो? आत्याचं प्रकरण गोल्डबर्गच्या बाजूचं आहे. चूल वेगळी की एक हे डॉक्टरचा कागद सांगत नाही, शेजारी सांगतात. खोटा लाभार्थी असेल तर पंधरा दिवसांच्या नोटिशीने फार तर एक हप्ता जादा जाईल.

करदाता_सोलापूर
एका माणसाचा एक हप्ता. हजारोंचे किती होतात? आणि शेजारी काय, हवं ते सांगतात. मला पटलेलं नाही. पण कारण लेखी द्यावं, एवढं मान्य.

विडी_घरकुल
आत्यांची विडी कामगार म्हणून पीएफची पेन्शन चालू आहे का? माझ्या आईच्या कार्डावर एक नाव, पीएफच्या पुस्तकात माहेरचं नाव. तीन वर्षं झाली. कोणाला माहीत असेल तर सांगा.

निवृत्त_अव्वल_कारकून
ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी लिहीन.

पूर्वभाग, सोमवारी दोन अर्ज ने. पेन्शनचा अर्ज तहसीलदारांच्या नावे: लाभ कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने, कोणत्या कारणाने बंद केला त्याची प्रत द्या, समक्ष ऐकून घ्या, स्थळ पाहणी करा आणि थकीत रक्कम द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नको. प्रत दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, फी 10 रुपये, मुदत 30 दिवस. धान्याची वाट वेगळी आहे. ते 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने मिळतं, त्यामुळे तिथे खिडकीवरचा "हक्क नाही" हा शब्दच चालत नाही. ती तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, आणि त्यांच्या निर्णयावर अपील राज्य अन्न आयोगाकडे.

अक्कलकोट_रोड
एवढं कशाला? कार्ड विभक्त करून घ्या, आत्याच्या नावाने नवीन अर्ज टाका. तीन-चार महिन्यांत पैसे सुरू.

वकिली_वही
कार्ड जरूर विभक्त करा. पण आदेशाची प्रत हातात येण्याआधी नवीन अर्ज टाकला, तर जुना लाभ योग्यच बंद झाला होता असं तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं. मग थकीत 6000 विसरा.

निवृत्त_अव्वल_कारकून
वकीलसाहेब, कागदावर तुमचं बरोबर. पण बाई चार महिने उपाशी आहे. मी असते तर दोन्ही अर्ज एकाच दिवशी दिले असते, नव्या अर्जावर "जुन्या लाभावरचा दावा कायम ठेवून" अशी ओळ लिहून.

वकिली_वही
ती ओळ टिकेल याची खात्री मी देणार नाही. पण भूक वकिलाला थांबत नाही, हेही कळतं.

पूर्वभाग_सोलापूर
आत्ता आत्याशी बोललो. ती म्हणते वेगळं कार्ड नको, लोक म्हणतील भावाने घराबाहेर काढलं. तिला समजावतोय. अर्ज मात्र लिहिलाय, तिचं नाव, तिचा अंगठा. बोटांच्या रेषा झिजल्यात, शाईचा ठसा नुसता डाग दिसतो. असा अंगठा अर्जावर चालेल का, की साक्षीदाराची सही लागेल?

निवृत्त_अव्वल_कारकून
चालेल. खाली दोन ओळखीच्यांच्या सह्या घे, घरच्यांच्या नको. त्यात शेजारी असेल तर त्यालाच एक ओळ लिहायला सांग, की यांची चूल वेगळी आहे.