तक्ता वाचता येतो, मग गाडी का नको?

> 'बाबा चष्मा लावून खालून दुसरी ओळ वाचतात, तरी काचबिंदूमुळे डॉक्टर गाडी सोडा म्हणतात. हे जरा अतीच नाही का?'

अती नाही. तक्त्यावर फक्त समोरची नजर कळते. काचबिंदू आधी बहुधा कडेची नजर खातो. आमच्या काकांचंही असंच झालं. परवान्याच्या नूतनीकरणाला लागणाऱ्या नमुना १-अ मध्ये २५ मीटरवरून नंबरप्लेट ओळखता येते का, हे विचारतात. ते त्यांना सहज जमलं असतं. पण फील्ड टेस्टला बसले, हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघत, दिवा दिसला की बटण दाबायचं. डावीकडचे कितीतरी दिवे लागून विझले, यांचा अंगठा हललाच नाही. आणि हे दोन्ही डोळ्यांत. एकाच डोळ्यात असतं तर दुसऱ्याने बरंच सांभाळून घेतलं असतं.

तिथे काळा डाग दिसत नाही, मेंदू रिकामी जागा भरून टाकतो. म्हणून काका म्हणायचे, "हल्ली स्कूटरवाले अचानक घुसतात." गाडीचे सगळे ओरखडे डाव्या बाजूलाच होते! गेलेली नजर थेंबांनी परत येत नाही, हे कळल्यावर त्यांनी स्वतःच आरटीओत परवाना जमा केला. बाबांचा फील्ड टेस्टचा कागद मागून घ्या आणि दोन्ही डोळ्यांचे काळे भाग एकाच बाजूला येतात का, ते डॉक्टरांना विचारा.