मदत हवी आहे: टायटॅनियमचं कानातलं घालूनही पाळीच्या मागे खाज, आणि लेकीचे कान टोचायचे आहेत

ओवी
मुलामा दिलेली कानातली मला कधीच सोसली नाहीत. घातल्या दिवशी काही होत नाही, पण एक-दोन दिवसांनी खाज सुटते, मग लस येऊन खपली धरते. जीन्सच्या बटणाखाली बेंबीपाशीही तसाच चट्टा उठतो. डॉक्टर बघून म्हणाले की निकेलची अ‍ॅलर्जी असणार. तपासणी मात्र झालेली नाही.

मग सर्जिकल स्टीलचे खडे घेतले. पाकिटावर ठळक 'हायपोअलर्जेनिक' लिहिलं होतं. ते चालले, पण घाम आला की पुन्हा खाज. शेवटी टायटॅनियमचे घेतले. आता गंमत अशी की पाळीची पुढची बाजू आणि भोक अगदी स्वच्छ आहे, पण मागच्या बाजूला फिरकी टेकते तिथे लाल चट्टा उठतो. दोन्ही कानांना. म्हणजे मला आता टायटॅनियमचीही अ‍ॅलर्जी आहे का?

खरा प्रश्न लेकीचा आहे. ती नऊ वर्षांची आहे, कान टोचायचा हट्ट धरून बसली आहे. पहिल्यांदा टोचताना तिच्या कानात कुठला धातू घालावा, म्हणजे माझ्यासारखं होणार नाही?

पाटीपेन्सिल
ताई, साधा उपाय सांगतो. घरात चुंबक असेल तर कानातल्याला लावून बघा. निकेल चुंबकाला चिकटतं. चिकटलं तर फेकून द्या, नाही चिकटलं तर बिनधास्त घाला. आणि सर्जिकल स्टील म्हणजे शस्त्रक्रियेचं स्टील, त्यात निकेल नसतंच. तुमचं स्टील नकली असणार.

सुईदोरा
टोचण्याचंच काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पाटीपेन्सिल, शुद्ध निकेल चुंबकाला चिकटतं हे बरोबर आहे. पण कानातल्यात ते शुद्ध नसतं, दुसऱ्या धातूंत मिसळलेलं असतं. सर्जिकल स्टील म्हणून विकलं जातं ते बहुधा ३१६एल, आणि त्यात साधारण १० ते १४ टक्के निकेल असतं. त्या निकेलमुळेच ते स्टील चुंबकाला दाद देत नाही. म्हणजे तुमच्या कसोटीवर ते उत्तीर्ण होईल आणि ओवींचा कान चिघळेल.

तरी बऱ्याच जणांना ३१६एल चालतं. कारण धातूत निकेल किती आहे यापेक्षा त्यातून सुटतं किती, हे महत्त्वाचं. चांगल्या स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो निकेलला आत धरून ठेवतो. घामातलं मीठ त्या थराला हळूहळू पोखरतं. ओवी, तुम्हाला घामाच्या दिवसांतच त्रास व्हायचा, तो यामुळे असू शकतो. युरोपियन संघाचा नियमही सुटणाऱ्या निकेलवरच आहे: टोचलेल्या भोकात जाणाऱ्या दांडीतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. घड्याळाचा पट्टा, बटण वगैरे नुसत्या त्वचेला लागणाऱ्या वस्तूंना ०.५ पर्यंत सूट आहे. 'हायपोअलर्जेनिक' या शब्दामागे मात्र असं कुठलंच ठरलेलं माप नाही.

आता तुमचा चट्टा. दांडीचा धातू सोसत नसता तर भोकाच्या आत आणि पुढेही त्रास झाला असता. तुमचं भोक स्वच्छ आहे. म्हणून माझा संशय दांडीवर नाही, फिरकीवर आहे. पुढचा खडा आणि दांडी टायटॅनियमची, आणि मागे पेटीतली कुठलीतरी मुलामा दिलेली पितळी फिरकी, असे जोड मी कितीतरी पाहिले आहेत. दुकानदार 'टायटॅनियमचं कानातलं' म्हणतो तेव्हा फिरकी त्यात धरलेली आहे का, हे विचारावं लागतं.

केतकीवन
माझे कान तर सोन्यानेही चिघळतात! पांढऱ्या सोन्यातले हिरे आहेत, हॉलमार्क आहे, तरी. मग सोनं तरी सुरक्षित कसं म्हणायचं? आणि ओवी, लेकीला चांदी घाल, चांदीने कुणाला काही होत नाही.

सुईदोरा
केतकीवन, हॉलमार्क सोनं किती आहे ते सांगतो, बाकीचं काय आहे ते सांगत नाही. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोनं. उरलेला चौथा हिस्सा पिवळ्या सोन्यात सहसा तांबं आणि चांदीचा असतो, पांढऱ्यात मात्र रंग घालवायला निकेल किंवा पॅलेडियम घालतात. वर ऱ्होडियमचा मुलामा असतो. तो नवा असेपर्यंत कान शांत, झिजला की तक्रार सुरू. घडवणाऱ्याला मिश्रण विचारा. पॅलेडियम आहे म्हणाले तरी जपून, कारण निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी काहींची त्वचा पॅलेडियमलाही उलटते.

चांदी बऱ्या झालेल्या भोकात चालेल. ९२५ म्हणजे साडेसात टक्के दुसरा धातू, बहुतेक वेळा तांबं. पण ताज्या जखमेत ती काळी पडते आणि कधी कधी त्वचेत डाग ठेवून जाते. पहिल्या टोचण्याला मी चांदी घालत नाही. आणि जर्मन सिल्व्हरच्या नावावर जाऊ नका, त्यात चांदी नाहीच. तांबं, जस्त आणि निकेल!

ओवी
फिरकीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन्ही एकाच रंगाची दिसतात. घरी तपासता येईल का?

सुईदोरा
येईल. निकेल तपासायची बाटली मिळते, त्यात डायमिथाइलग्लायॉक्झाइम आणि अमोनिया असतो. काही संचांत दोन बाटल्या येतात, मग दोन्हींचा एकेक थेंब घ्यायचा. कानातलं कानातून काढून धुवून पुसून घ्या. कापसाच्या काडीवर द्रव घेऊन एकाच जागी अर्धा मिनिट घासा. कापूस गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. दांडी आणि फिरकी वेगवेगळ्या काड्यांनी तपासा, नाहीतर कोण दोषी ते कळणार नाही. फिरकीच्या आतल्या पाकळ्यांमध्येही काडी फिरवा, मुलामा तिथे आधी झिजतो. नंतर सगळं पुन्हा धुवा.

एक लक्षात घ्या. गुलाबी झालं तर उत्तर पक्कं. नाही झालं तर तेवढं पक्कं नाही. जाड मुलाम्याखाली निकेल दडलेलं असेल तर ते आज दिसणार नाही, काही महिन्यांनी दिसेल.

जुनीवही
पॅच टेस्ट करून घ्याच असं मी सांगेन. मीही सगळा दोष निकेलवर टाकून बसले होते. पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, ४८ तासांनी काढल्या, तेव्हा एकदा पाहिलं आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. निकेल निघालंच, पण सोबत निओमायसिनही निघालं. म्हणजे कान चिघळला की मी जे मलम चोपडत होते, त्याचीच अ‍ॅलर्जी! कानातलं काढूनही बरं का होत नाही, याचं उत्तर तिथे मिळालं. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्यांनी निकाल दबतो.

पाटीपेन्सिल
चुंबकाचं मागे घेतो. पण ही एवढी भानगड कशाला? दांडीला रंगहीन नेलपॉलिश लावायचं. बहिणीचं त्यावर वर्षानुवर्षं चाललंय.

सुईदोरा
बऱ्या झालेल्या भोकात एखाद्या समारंभापुरतं ठीक. घालता-काढताना त्याचे पापुद्रे निघतात, म्हणून पुन्हा पुन्हा लावावं लागतं. शिवाय नेलपॉलिशची स्वतःची अ‍ॅलर्जी असणारेही असतात. ताज्या जखमेत तर अजिबात नको.

ओवी, लेकीसाठी मी असं करेन. शरीरात बसवायच्या दर्जाचं टायटॅनियम. पाकिटावर किंवा प्रमाणपत्रावर 'एएसटीएम एफ-१३६' हे मानक लिहिलेलं मागा. नुसतं 'टायटॅनियम' किंवा 'टायटॅनियम कोटेड' नको, कोटेडच्या आत काहीही असतं. हातात घेतल्यावर ते तेवढ्याच आकाराच्या स्टीलपेक्षा साफ हलकं लागतं, जवळजवळ निम्म्या वजनाचं. रंगीत टायटॅनियम चालतं, तो रंग लावलेला नसून विजेच्या प्रवाहाने जाड केलेल्या ऑक्साइडच्या थराचा असतो.

घडण अशी मागा की मागची सपाट चकती दांडीला अखंड असेल आणि पुढचा खडा आत खोचला जाईल. म्हणजे तुमच्यासारखा परक्या फिरकीचा प्रश्नच उरत नाही. पाकळ्यांच्या फिरकीत मळ आणि लसही अडकते. दांडी सुरुवातीला थोडी लांब हवी, कारण पाळी सुजते. घट्ट बसलेली दांडी रुतते आणि लोक त्यालाच अ‍ॅलर्जी समजतात. सूज उतरली की आखूड दांडी घालायची.

टोचणं पोकळ सुईने. बंदुकीने नको, ती अख्खी ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही आणि तिच्यातल्या कानातल्यांची निवडही आपल्या हातात राहत नाही. पाळी भरायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. तोवर निर्जंतुक सलाइनने पुसायचं. दांडी फिरवत बसायचं नाही.

रानवारा
माझं मत वेगळं आहे. २२ कॅरेट सोन्याची बारीक तार घालून मोकळं व्हावं. त्यातही निकेल नसतं, आणि मुलीला ते पुढे वापरताही येतं.

सुईदोरा
पिवळ्या २२ कॅरेटमध्ये सहसा नसतं, मान्य. माझी हरकत दुसऱ्याच गोष्टींवर आहे. ते सोनं मऊ असतं, त्यावर बारीक चरे पडतात आणि तार जखमेत सतत हलत राहते. तारेला डाग दिलेला असेल तर तो जोड कशाचा आहे, हेही विचारावं लागतं.

रानवारा
आमच्या घरात सगळ्यांचे कान तारेनेच भरले. हलल्याने बिघडतं हे मला पटत नाही. जोडाचं मात्र विचारून घेईन.

ओवी
बाटली आणून तपासलं. दांडी: कापूस पांढराच. फिरकी: आतून लगेच गुलाबी! सध्या सिलिकॉनच्या फिरक्या लावल्या आहेत, चट्टा फिका पडतोय.

आता एकच. लेकीची पॅच टेस्ट आधीच करून घेऊ का? आणि टोचल्यावर कान लाल झाला तर अ‍ॅलर्जी की जंतुसंसर्ग, कसं ओळखायचं?

जुनीवही
आमच्या डॉक्टरांनी माझ्या मुलीच्या वेळी नाही म्हटलं होतं. लक्षणं नसताना करत नाहीत म्हणाले.

सुईदोरा
टेस्टचं डॉक्टरांनाच विचारा. एवढं खरं की ही अ‍ॅलर्जी सहसा निकेल अंगाला लागत राहिल्यावर जडते आणि एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. टोचलेलं भोक हा त्याचा ठळक मार्ग आहे. म्हणून पहिली दांडीच नाही, भोक भरल्यानंतर मैत्रिणींची कानातली अदलाबदल करून घालणंही मी टाळायला सांगते.

लालीचं असं: पहिले काही दिवस थोडी लाली, हुळहुळेपणा आणि पातळ पांढुरकी लस असतेच. अ‍ॅलर्जीत खाज पुढे असते, पुरळ धातू टेकतो तिथे उठतं आणि बहुधा दोन्ही कानांना. संसर्गात ठणका असतो, पाळी गरम लागते, घट्ट पिवळा-हिरवा पू येतो, ताप येऊ शकतो, आणि बऱ्याचदा एकच कान धरतो. चिघळलेल्या अ‍ॅलर्जीत संसर्गही होतो, तेव्हा दोन्ही एकदम दिसतात. संसर्ग वाटला तर घाईने दांडी काढू नका. भोक वरून मिटतं आणि पू आत कोंडतो. दांडी ठेवून डॉक्टरांना दाखवा. लाली पाळीवरून पसरत चालली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी.

केतकीवन
माझ्याकडे घडवणाऱ्याचं उत्तर आलं. निकेलच आहे. पुन्हा ऱ्होडियम चढवून देतो म्हणतोय. चढवू की दांडी बदलून घेऊ?

सुईदोरा
दांडी बदला. पिवळ्या सोन्याची लावून देता येते का विचारा, आणि फिरकीही त्याच सोन्याची मागा.