‘सिग्नल बदलतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

सहावी_ब
सहावीच्या मुलांसाठी मसावि-लसाविचा सरावसंच करते आहे. आकडेमोड अडत नाही, शब्द अडतात. ‘मोठ्यात मोठी’ दिसलं की मसावि, ‘कमीत कमी’ दिसलं की लसावि, असं मुलांनी ठरवूनच टाकलंय. माझं उदाहरण: ‘5 मी 40 सेंमी लांब व 4 मी 20 सेंमी रुंद खोलीत सारख्या चौरस फरश्या बसवायच्या आहेत. कमीत कमी किती लागतील?’ अर्ध्या वर्गाने लसावि काढला. कोणता शब्द बदलू?

तंतोतंत
‘कमीत कमी’ राहू द्या, खरी परीक्षा तिथेच आहे. फरश्या कमी लागायच्या तर एकेक फरशी मोठ्यात मोठी हवी. 540 आणि 420 चा मसावि 60. लांबीत 9 फरश्या, रुंदीत 7, एकूण 63. लसावि येतो 3780, म्हणजे जवळजवळ 38 मीटरची फरशी. ‘ही दारातून आत कशी नेणार?’ एवढं विचारा, मूल आपणहून खोडरबर शोधेल. फक्त ‘एकही फरशी न कापता’ हे घाला. त्यावाचून प्रश्नाला उत्तरच नाही.

लादीवाला
आमचा धंदाच हा. 60 सेंमीची म्हणजे दोन बाय दोनची लादी. पण सांध्याला दोन-तीन मिलीमीटर सोडावे लागतात, भिंती काटकोनात नसतात, कडेला कटिंग येतंच. 63 मागवू नका, पाच-सात जास्त घ्या. खोली कुठे आहे?

सहावी_ब
दादा, खोली कागदावर आहे. तिथे भिंती सरळ असतात आणि सांधे नसतात. 🙂

जुनी_पाटी
सोपी युक्ती सांगतो. फरशी आली की मसावि, घंटा आणि सिग्नल आले की लसावि. आमच्या वेळी असंच घोकलं होतं. आणि ताई, संचात ‘लघुत्तम’ असं पूर्ण लिहा, मुलांना नुसतं ‘लसावि’च माहीत असतं.

तंतोतंत
घंटा-सिग्नलचं बहुतेकदा जमेल, फरशीचं नाही. ‘45 सेंमी लांब, 30 सेंमी रुंद फरश्या जोडून लहानात लहान चौरस करा’ यातही फरशीच आहे, पण उत्तर लसावि: 90 सेंमीचा चौरस, 6 फरश्या. दिलेलं माप तोडून लहान करायचंय की एकापुढे एक ठेवत वाढवायचंय, ते बघायचं. आणि शब्द ‘लघुतम’ आहे. लघु अधिक तम, त एकच. ‘महत्तम’मध्ये दोन आहेत कारण ‘महत्’चा स्वतःचा एक त आहे. शेजाऱ्याचं बघून लघुनेही एक उसना घेतला.

सहावी_ब
हा उसना त फळ्यावर मीही लिहीत आलेय! आता सिग्नल. ‘तीन चौकांतले सिग्नल अनुक्रमे 48, 72 व 108 सेकंदांनी बदलतात. सकाळी 7 वाजता ते एकदम बदलले. पुन्हा एकदम केव्हा बदलतील?’ लसावि 432 सेकंद, म्हणजे 7 वाजून 7 मिनिटं 12 सेकंद. एका मुलीने विचारलं, ‘बाई, तेव्हा तिन्ही हिरवे होतील का?’ मी ‘हो’ म्हणून गेले.

तंतोतंत
‘हो’ म्हणायला नको होतं. पिवळा सोडा, लाल-हिरवा एवढेच रंग धरा आणि 7 वाजता तिन्ही हिरवे झाले असं समजा. 432 सेकंदांत पहिला 9 वेळा बदलतो, दुसरा 6, तिसरा 4. नऊ विषम, म्हणून पहिला लाल होतो, बाकीचे दोन हिरवे. तिन्ही पुन्हा हिरवे व्हायला दुप्पट वेळ, 864 सेकंद: 7 वाजून 14 मिनिटं 24 सेकंद. मुलीला शाबासकी द्या. उत्तर 432 च हवं असेल तर लिहा, ‘दर 48 सेकंदांनी हिरवा होतो’.

निवृत्त_गार्ड
‘सिग्नल पडला’ लिहू नका, एवढं सांगतो. रस्त्यावर लोक तसं म्हणतात तेव्हा थांबायचं असतं. आमच्याकडे जुन्या हाताच्या सिग्नलचा हात आडवा असला की गाडी उभी, आणि खाली पडला की वाट मोकळी. नातवाला हे पटतच नाही.

सहावी_ब
मग ‘हिरवा होतो’ पक्कं. शेवटचं: ‘तीन घंटा दर 6, 8, 12 मिनिटांनी वाजतात. 8 वाजता एकदम वाजल्या. 8 ते 10 मध्ये किती वेळा एकदम वाजतील?’ लसावि 24, 120 भागिले 24, उत्तर 5.

जुनी_पाटी
सहा! 8:00, 8:24, 8:48, 9:12, 9:36, 10:00. बोटं मोजा.

तंतोतंत
वाक्यात ‘वाजल्या’ आणि ‘वाजतील’ असे दोन काळ आहेत. 8 ची वाजून गेली, म्हणून 5 म्हणता येतं. ‘8 ते 10’ मध्ये 8 धरले तर 6. ‘8 नंतर 10 पर्यंत’ लिहिलंत तर पाचच.

जुनी_पाटी
‘पर्यंत’मध्ये 10 येतात हे कोणी ठरवलं? दुकान ‘10 पर्यंत’ उघडं असतं तेव्हा 10 ला शटर अर्धं खाली असतं.

सहावी_ब
मग वेळ 10 वाजून 5 मिनिटांपर्यंत करते.